वडिलांच्या शुश्रूषेसाठी ३० दिवसांच्या हक्काच्या रजेचा अर्ज

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
शाहूपुरी शाखा, कोल्हापूर

विषय : दि. १५ जानेवारी ते १३ फेब्रुवारी २०२६ अशी ३० दिवसांची हक्काची रजा मिळणेबाबत.

महोदय,

माझ्या वडिलांना (वय ६८) २८ डिसेंबरला पहाटे पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्याने उजवा हात-पाय लुळा पडला असून बोलणेही अडखळते. सीपीआर रुग्णालयातून त्यांना १० तारखेला घरी सोडले आहे. २९ ते ३१ डिसेंबर माझी किरकोळ रजा झाली. त्यानंतर दिवसा भाऊ व रात्री मी असे भागवले. भाऊ उद्या पुण्याला परत जात आहे.

घरचे काम असे आहे : गिळताना ठसका लागतो म्हणून नाकातील नळीवाटे दर तीन तासांनी २०० मि.ली. पातळ आहार द्यावा लागतो. देताना व नंतर अर्धा तास त्यांना उशाशी उंच बसवून ठेवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. उजवा खांदा निखळू नये म्हणून लुळ्या हाताला धरून ओढायचे नसते. हे एकट्याने करणे आईला झेपत नाही, तिचे गुडघे दुखतात. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट सकाळी येतात, पण दिवसातून आणखी दोन वेळा तो आम्हीच करून घ्यायचा आहे. २७ जानेवारीला गिळण्याची तपासणी आहे. नळी निघाली तर पुढचे मदतनीस बाईंना शिकवता येईल. माणूस नुसता ठेवून भागत नाही, नळी हाताळायची सवय असलेलाच हवा आणि तो अजून मिळालेला नाही.

सुधारणेसाठी पहिले काही आठवडे मोलाचे असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे रजा कमी करावीच लागली, तर कृपया शेवटचे दहा दिवस कमी करावेत, सुरुवातीचे नको.

गुळाच्या हंगामात सोनेतारण टेबलावर गर्दी असते याची कल्पना आहे. १४ तारखेला संध्याकाळी तिजोरीची माझ्याकडील किल्ली, तारण पाकिटांची मोजदाद व नोंदवही आपण नेमाल त्यांच्याकडे आपल्यासमोर सोपवीन. मुदत संपत आलेल्या १९ कर्जांची यादी सोबत जोडली आहे; त्यातील ६ खातेदारांना नोटीस पाठवायची राहिली आहे, तेवढी १४ पर्यंत मीच काढतो. दुपारी १ ते २ मी फोनवर उपलब्ध असेन.

माझ्या खाती ८४ दिवसांची हक्काची रजा शिल्लक आहे. १४ फेब्रुवारीचा दुसरा शनिवार व १५ चा रविवार रजेला जोडून घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. सोमवार, १६ फेब्रुवारीला मी कामावर हजर होईन.

आपला विश्वासू,
रणजित शिंदे
सोनेतारण लिपिक

सोबत : डिस्चार्ज कार्डाची प्रत, डॉक्टरांचा दाखला, सोनेतारण कर्जांची यादी.