सोशल मीडिया मॅनेजर पदाचा रेझ्युमे : छाननीचा शेरा

भाऊ,

वरूडच्या जागेसाठी आलेल्या रेझ्युमेंपैकी चांदूरबाजारकडच्या या पोरीचाच नीट वाचण्यासारखा निघाला. आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या होत्या: प्लॅटफॉर्मवरचे निकाल, कंटेंट कॅलेंडरची पूर्ण जबाबदारी आणि महिन्याला 80 हजारांचं पेड कॅम्पेनचं बजेट एकटीने सांभाळण्याचा अनुभव. तेवढ्याच गोष्टींवर तपासलं. डिग्री, सर्टिफिकेटं बाजूला ठेवली.

निकालांच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलंय: साडीच्या दुकानाचे इन्स्टाग्राम फॉलोअर्स 14 महिन्यांत 1,200 वरून 18,400. सोबतचे इन्साइट्सचे स्क्रीनशॉट पाहिले, तर त्यातले जवळजवळ 9,000 एकाच आठवड्यात आलेत. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन निघाली, त्या रीलला 3 लाखांवर व्ह्यूज पडले. रील सुरेखच आहे, पण त्यात साडी कुठंच नाही. शहरांच्या यादीत पुणे आणि मुंबई वर, अमरावती खाली. त्या दुकानाला या फॉलोअर्सचा उपयोग किती झाला असेल, शंकाच आहे. आपल्याला मात्र संत्र्याच्या पेट्या आणि सरबत पुण्या-मुंबईलाच पाठवायचं आहे, म्हणून मी हे तिच्या बाजूने धरतो. फक्त 18,400 पैकी जवळजवळ 9,000 नशिबाचे, हे तिने स्वतःहून लिहायला पाहिजे होतं.

कॅलेंडरमध्ये ती बाकीच्यांच्या फार पुढे आहे. ‘कंटेंट कॅलेंडर सांभाळलं’ असं तर सगळेच लिहितात. हिने ऑक्टोबरची शीटच जोडली: तारीख, विषय, रील की फोटो, शूट कोणाचं, मंजुरी कोणाची, पोस्ट झाली की नाही. 12 तारखेपुढे लाल अक्षरात, ‘लाईन गेली, शूट 14 ला’. 19 तारखेची सेलची पोस्ट खोडलेली, शेजारी लिहिलंय, ‘रात्री गारपीट. आज सेल नको. मालकांना सांगितलं.’ भाऊ, मी सगळ्यात जास्त गुण या एका ओळीला दिले. गावात सोयाबीन झोपलेलं असताना ‘धमाका ऑफर’ टाकणारी माणसं आपण पाहिली आहेत. शिवाय अर्जात तिने लिहिलंय की तुमचं कॅलेंडर सणांवर नाही, बहारावर बसवावं लागेल: दिवाळीच्या मागेपुढे आंबिया, फेब्रुवारी-मार्चला मृग. आपल्या जाहिरातीत बहाराचा शब्दही नव्हता.

पैशाच्या बाबतीत मात्र रेझ्युमे सैल आहे. ‘6 लाखांचं कॅम्पेन बजेट हाताळलं.’ 14 महिन्यांनी भागलं तर महिन्याला 43 हजारांच्या आत येतं, म्हणजे आपल्या मागणीच्या जेमतेम निम्मं. खाली बारीक अक्षरात ‘नागपूरच्या एजन्सीसोबत’ असंही आहे. पूर्ण तिच्या हातचं दिसतं ते दिवाळीचं एक कॅम्पेन: खर्च 1,40,000, व्हॉट्सअॅपवर चौकश्या 560, विक्री 112. म्हणजे चौकशीला 250 रुपये आणि गिऱ्हाईक मिळवायला 1,250. चार-पाच हजारांच्या साडीवर हे पचून जातं. आपली सरासरी ऑर्डर 640 रुपयांची आहे, तिथे याच दराने आपण महिनाभरात बसू. सरासरी बिल किती होतं, हे तिने लिहिलेलंच नाही, आणि ते नसेल तर नफा-तोटा कळत नाही. आकडे जीएसटीसकट आहेत की वगळून, तेही नाही. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के लागतात. आपले 80 हजार जीएसटीसकट धरले तर जाहिरातीत प्रत्यक्ष साधारण 67,800 च पडतात. (हे आपणही आपल्या जाहिरातीत सांगितलं नव्हतं, तेव्हा सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही.)

आणखी एक खटकलं. अनुभवाच्या यादीत ‘पोस्ट बूस्ट केल्या’ आणि ‘अॅड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेन चालवले’ हे एकाच ओळीत आहे. बूस्टचं बटण दाबणं वेगळं. उद्दिष्ट, ऑडियन्स, रोजचं बजेट ठरवून दोन जाहिराती शेजारी चालवणं आणि न चालणारी बंद करणं वेगळं. यातलं तिला नेमकं काय येतं, ते कागदावरून समजत नाही.

गुण असे दिले: निकाल 40 पैकी 24, कॅलेंडर 30 पैकी 27, बजेट 30 पैकी 13. एकूण 64. आपण 60 ची रेषा ठरवली होती.

मुलाखतीला बोलवावं असं माझं मत. तिथे गप्पा नकोत, लॅपटॉप समोर ठेवून एकच काम द्यावं: मृगाच्या पेट्यांसाठी 20 हजार रुपये, 10 दिवस, ऑर्डरमागे खर्च 120 च्या वर जायला नको, कुठे आणि कसे लावशील? पगार ती 35 मागते, आपण 30 ते 35 लिहिलंय. सुरुवात 32 वर करून तीन महिन्यांनी बघू. वेळ दुपारी ठेवा, तिला एसटीने यायचं आहे.