लेखा सहाय्यक पदासाठी कामाची चाचणी: उमेदवाराचा कागद आणि तपासणीची टिपणे

टॉवेल-चादर कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. वेळ ५० मिनिटे, गुण १००.

उमेदवारासाठी

नमस्कार. इथे पाठांतर तपासायचं नाही. आमच्या टेबलावर रोज येतं तसं काम दिलं आहे. पार्ट्या आणि आकडे मात्र बनवलेले आहेत. कॅल्क्युलेटर चालेल. टॅली येत नसलं तरी अडणार नाही, ते आम्ही पंधरा दिवसांत शिकवू. कागदावर नाव लिहू नका, दिलेला क्रमांक लिहा. एखादी गोष्ट कळली नाही तर "हे विचारावं लागेल" असं लिहून कोणाला, काय विचाराल तेही लिहा. त्याला गुण आहेत. चाचणी झाल्यावर प्रवासखर्चाचे ३०० रुपये ऑफिसात घ्या, निवड होवो न होवो.

काम १ (४० गुण). सुताची तीन बिलं आली आहेत, तिन्हींवर जीएसटी ५ टक्के. कोणतं बिल किती रकमेला नोंदवाल, कोणतं थांबवाल, का?

इचलकरंजीची पार्टी: ४०० किलो, दर २५० रु., एकूण १,००,०००, सीजीएसटी २,५००, एसजीएसटी २,५००, बिल १,०५,०००. गेटवरच्या आवक वहीत माल ३९० किलो.

विजापूरची पार्टी (जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९): २०० किलो, दर २६० रु., एकूण ५२,०००, सीजीएसटी १,३००, एसजीएसटी १,३००, बिल ५४,६००. माल विजापुरातून आपल्या कारखान्यात आला. आवक २०० किलो.

सोलापूरची पार्टी: १२० किलो, दर २४५ रु., एकूण २९,४००, सीजीएसटी ७३५, एसजीएसटी ७३५, बिल ३०,७८०. आवक १२० किलो.

काम २ (४० गुण). महिनाअखेर आपल्या वहीत बँक शिल्लक १,८६,४५०, बँकेच्या स्टेटमेंटात २,०१,७१४. रंगकामवाल्याला दिलेला १८,००० चा चेक अजून वटलेला नाही. आपण भरलेला ९,५०० चा चेक बँकेत जमा दिसत नाही. बँकेने शुल्क म्हणून २३६ कापले आणि एका गिऱ्हाइकाने ७,००० परस्पर खात्यात भरले. या दोन्हींची नोंद आपल्याकडे नाही. जुळवणी करा आणि आपल्या वहीत कोणत्या नोंदी घालाल ते लिहा.

काम ३ (२० गुण). काम १ मधल्या विजापूरच्या शेटजींना फोनवर पाठवायचा चार-पाच ओळींचा निरोप लिहा. मराठी, हिंदी, कोणतीही भाषा चालेल.

तपासणाऱ्यांसाठी (उमेदवाराला देऊ नये)

दोघांनी वेगवेगळे तपासा, गुण लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवा. दहापेक्षा जास्त फरक पडला तर समोरासमोर बसून कागद पुन्हा वाचा. सरासरी काढून मोकळं होऊ नका.

पहिलं बिल: १० किलो कमी, म्हणून २,५०० आणि त्यावरचा कर १२५, असे २,६२५ कमी, देणं १,०२,३७५ (१३ गुण). पूर्ण बिल नोंदवून २,६२५ ची डेबिट नोट केली तरी पूर्ण गुण.

दुसरं बिल: माल कर्नाटकातून महाराष्ट्रात आला, म्हणून आयजीएसटी २,६०० हवा. एकूण रक्कम तीच राहते, त्यामुळे नजर चुकते. थांबवून दुरुस्त बिल मागवणं हे बरोबर उत्तर (१४ गुण). आयजीएसटी शब्द आठवला नाही, पण "दुसऱ्या राज्याचा माल, कर चुकीचा" एवढं ओळखलं तर १० द्या.

तिसरं बिल: बेरीज ३०,८७० होते, छापलंय ३०,७८०. फरक ९०. नऊने भाग जाणारा फरक दिसला की आकड्यांची अदलाबदल आधी शोधावी, हे जाणणारा उमेदवार मिनिटात सापडेल (१३ गुण). ही चूक आपल्या फायद्याची आहे. तरीही जो पार्टीला कळवतो, त्याच्या नावासमोर खूण करा. मला असाच माणूस हवा आहे.

जुळवणी: दोन्ही बाजूंनी १,९३,२१४. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ गुण, शुल्क आणि जमेच्या दोन नोंदींना १०. सुरुवातीला बेरीज चुकली आणि पुढची पद्धत बरोबर असेल, तर गुण एकदाच कापा. पण फरक "किरकोळ" खात्यात टाकून आकडा जुळवला असेल तर या कामाला शून्य. गेल्या वेळी आम्ही नुसत्या गोड मुलाखतीवर माणूस घेतला, आणि अशाच जुळवून टाकलेल्या नोंदी उकलण्यात आमचा अख्खा मार्च गेला.

निरोप: बिलाचा संदर्भ, नेमकी चूक, काय हवं, कधीपर्यंत, प्रत्येकी ४, उरलेले ४ आदराच्या सुरासाठी. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. आपल्या गावात पुष्कळ घरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात. मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ हिशेबाचा निकष होऊ शकत नाही. अक्षराचंही तेच, आकडे मात्र वाचता आले पाहिजेत.

६० च्या वर आलेल्यांना मुलाखतीला बोलवा. तिथे त्यांच्याच कागदावर बोला: हा आकडा कसा काढला, इथे का थांबलात. लग्न, जात, मूल, वडील काय करतात, यातला एकही प्रश्न नको. अनुभवी असो वा या वर्षीचा बी.कॉम., कागद सगळ्यांना हाच आणि वेळ तेवढीच. ज्याला हाताने लिहायला त्रास होतो त्याला संगणक आणि १५ मिनिटं जास्त द्या; हे त्याने मागण्याआधी, बोलावण्याच्या फोनवरच विचारून ठेवा.

६० च्या खाली राहिलेल्यांनाही दोन दिवसांत फोन करा आणि कोणत्या कामात गुण गेले ते सांगा.