परीक्षकांच्या अभिप्रायांना मुद्देनिहाय उत्तर

लेख: विनागुण आठवण-सराव आणि सातवीचे विज्ञान: दोन शाळांतील अभ्यास (दुसरी सुधारित प्रत)

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. दोन्ही परीक्षकांनी लेख बारकाईने वाचला, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. प्रत्येक अभिप्राय थोडक्यात उद्धृत करून त्याखाली उत्तर दिले आहे. पृष्ठ व ओळींचे क्रमांक सुधारित प्रतीचे असून बदललेला मजकूर तिथे निळ्या अक्षरांत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: परीक्षक २ यांच्या एका प्रश्नामुळे आमच्या आकडेवारीतली चूक सापडली आणि मुख्य निष्कर्ष सौम्य करावा लागला.

परीक्षक १

१.१ "खुल्या उत्तरांच्या वर्गीकरणात दोन तपासनिसांची केवळ टक्केवारीतली सहमती दिली आहे."

मान्य. टक्केवारीत योगायोगाने जुळलेली उत्तरेही मोजली जातात. आता कोहेनचा कप्पा दिला आहे. प्रत्यक्ष सहमती ०.८६ आणि योगायोगाने अपेक्षित सहमती ०.५० असल्याने κ = (०.८६ − ०.५०) / (१ − ०.५०) = ०.७२ (पृ. ९, ओळ १४).

१.२ "मुलाखतींचा भाग वगळून लेख आटोपशीर करावा."

लेख लांबला होता हे खरे. मुलाखतींचा भाग निम्म्यावर आणला आहे, मात्र तो पूर्णपणे न वगळण्याची परवानगी असावी. सराव विनागुण असल्याचे शिक्षकांनी सांगूनही काही मुले चुकलेले उत्तर खोडून वही झाकून ठेवत होती, हे फक्त मुलाखतींतूनच कळले. ते काढल्यास "विनागुण" या शब्दाचा वर्गात काय अर्थ लागला, याचा लेखात मागमूस राहणार नाही (पृ. १३–१४).

१.३ संज्ञांची सरमिसळ ("चाचणी" आणि "सराव") व टंकदोष दुरुस्त केले आहेत.

परीक्षक २

२.१ "तक्ता ३ मध्ये तुलना गटाचा किमान गुण शून्य कसा?"

या प्रश्नाबद्दल विशेष आभार. मूळ नोंदवह्या पुन्हा काढून पाहिल्या. तुलना गटातील तीन विद्यार्थी उत्तरचाचणीच्या दिवशी गैरहजर होते. वहीत त्यांच्यापुढे आडवी रेघ होती आणि संगणकात भरताना तिचा शून्य झाला. ही चूक सर्वस्वी आमची. ते तिघे वगळल्यावर एकूण विद्यार्थी १२० ऐवजी ११७ झाले, तुलना गटाची सरासरी २० पैकी ११.० वरून ११.६ झाली आणि प्रायोगिक गटाच्या सरासरीशी (१४.०) असलेला फरक ३.० वरून २.४ वर आला. तक्ता ३, आकृती २ व सारांश त्यानुसार बदलले आहेत. उरलेल्या सर्व नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे ताडून पाहिल्या. आणखी चूक आढळली नाही.

२.२ "अख्खे वर्ग गटांत घातले, पण विश्लेषण मात्र सुटे विद्यार्थी धरून केले आहे."

हा आक्षेप लेखाच्या मुळाशी जातो आणि तो रास्त आहे. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक एक, तासिका एक. त्यांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. यामुळे माहितीचे वजन किती घटते ते 1 + (m − 1) × ICC या सूत्राने तपासले. m म्हणजे एका वर्गातील सरासरी विद्यार्थीसंख्या २९ आणि ICC म्हणजे एकाच वर्गातल्या मुलांच्या गुणांतील साम्य उदाहरणादाखल ०.१० धरल्यास उत्तर ३.८ येते, म्हणजे आमचे ११७ विद्यार्थी जेमतेम ३१ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतके भरतात.

बहुस्तरीय विश्लेषणाच्या सूचनेचा विचार केला. परंतु चारच वर्ग असल्याने वर्गावर्गांतील प्रसरणाचा भरवशाचा अंदाज निघणार नाही आणि उत्तर नसताना अचूकतेचा आभास निर्माण होईल. म्हणून p-मूल्ये काढून टाकली आहेत आणि चारही वर्गांचे पूर्वचाचणी व उत्तरचाचणीचे गुण स्वतंत्रपणे मांडले आहेत (तक्ता ४). शीर्षकातला "परिणाम" हा शब्द गेला, "सरावामुळे गुण वाढले" ऐवजी आता "सराव झालेल्या वर्गांत गुण अधिक आढळले" असे वाक्य आहे (पृ. १५, ओळ ३).

२.३ "तिसरा गट घेऊन, केवळ पुनर्वाचन करणाऱ्या मुलांशीही तुलना करावी."

सूचना मोलाची आहे. सराव केलेल्या मुलांना त्या आशयासाठी जादा वेळ मिळाला, हे पर्यायी स्पष्टीकरण आमच्या रचनेत खोडता येत नाही. मात्र ते शैक्षणिक वर्ष संपले असून त्याच मुलांचा गट पुन्हा उभा करणे शक्य नाही. त्यामुळे ही मर्यादा तळटीपेत न दडवता चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवली आहे (पृ. १६, ओळ १).

२.४ "पालकांच्या संमतीचा उल्लेख नाही."

लेखी संमती पूर्वचाचणीआधीच घेतली होती. उल्लेख राहून गेला होता. आता तो पृ. ७, ओळ २० वर आहे.

तक्ता ४ मुळे लेख मूळ प्रतीपेक्षा एका पानाने वाढला आहे. पृष्ठमर्यादेची अडचण असल्यास तो परिशिष्टात हलवण्यास आमची हरकत नाही.

आपले नम्र,
लेखकद्वय