हरवली आहे: ‘खारी’, गावठी कुत्री, वय ६, कोथरूड (पुणे)

सुधारित नोटीस, गुरुवार २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज, सकाळी ११ वाजता.
परवा रात्री फिरलेल्या पहिल्या नोटिशीत आमचा मोबाइल नंबर होता. ती कृपया पुढे पाठवू नका, असेल तर डिलीट करा. कारण खाली येईलच.

मंगळवारी, २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन आटोपून पाहुणे निघत होते. दार उघडं होतं आणि पार्किंगमध्ये कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. खारी आईच्या पायांमधून निसटून जिन्याने खाली गेली. गाडी बाहेर काढायला गेट उघडलेलं होतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात ८ वाजून ४३ मिनिटांनी ती गांधी भवनाच्या दिशेने पळताना दिसते. बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमाराला म्हातोबा टेकडीवर फिरायला जाणाऱ्या एका काकूंनी तिला महात्मा सोसायटीच्या बाजूच्या पायवाटेवर पाहिलं. त्यांनी सांगितलेला पट्टा आणि शेपूट जुळते, म्हणून ती खारीच असावी असं आम्ही धरतो. त्यानंतर खात्रीची काहीच बातमी नाही.

तिला ओळखायचं कसं

रंग खरोखरच बेकरीतल्या खारीसारखा, पाठीवर थोडा करपलेला आणि पोटाकडे फिका. उंची साधारण गुडघ्याइतकी, वजन १६ किलो. छातीवर गळ्यापासून खाली पांढरी पट्टी, खडूने ओढल्यासारखी, खाली जाताना बारीक होणारी. पुढच्या उजव्या पायाची बोटं पांढरी, डाव्या पायाची नाहीत. शेपूट जिलबीसारखी पाठीवर वळलेली असते. घाबरली की मात्र ती शेपूट पूर्ण पोटाखाली घेते, तेव्हा जिलबी शोधत बसू नका. तोंडाभोवती केस पिकायला लागले आहेत.

डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे. ती रस्त्यावरची होती, तेव्हाच्या नसबंदीची ही खूण. आमची मोठी अडचण हीच आहे. कापलेला कान बघून माणसं ‘रस्त्यावरचीच दिसतेय, नसबंदी झालेली’ म्हणतात, बिस्किट घालतात आणि पुढे जातात. खारीला घर आहे. पाच वर्षं आहे.

आणखी एक खूण सध्यापुरतीच उपयोगी आहे. मागच्या आठवड्यात रक्त काढण्यासाठी पुढच्या डाव्या पायावरचे केस भादरले होते. दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा अजून उघडी दिसते. मागचा डावा पाय जुना मोडलेला आहे. बसून उठल्यावर चार-पाच पावलं लंगडते, मग नीट चालते.

गळ्यात निळा नायलॉनचा पट्टा आणि पितळेचा गोल बिल्ला होता. बिल्ल्यावर एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला आमचा नंबर आहे. पट्टा सैल झालेला होता, तो निघाला असण्याची शक्यता आहे.

एक खूण आम्ही मुद्दाम लिहिलेली नाही आणि ती एकाही फोटोत दिसत नाही. ज्याच्याजवळ खारी आहे त्याला ती बघून सांगता येईल.

सोबतच्या तीन फोटोंपैकी पहिला या महिन्यातला आहे. तिसऱ्यात ती लठ्ठ दिसते, तो पावसाळ्यातला. आता ती तेवढी नाही.

जाता जाता: गांधी भवनाजवळ आणि डहाणूकर सर्कलपाशी याच रंगाच्या दोन कुत्र्या आहेत. दोघींचेही कान शाबूत आहेत. काल सर्कलजवळच्या बाईसाहेबांना एका उत्साही मुलाने रिक्षात घालून आमच्या गेटवर आणलं. तो मुलगा गुणाचाच, पण तिला परत सोडेपर्यंत तिने रिक्षावाल्याला आणि आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. आधी कान बघा.

दिसली तर

पाठलाग करू नका. हात जोडून विनंती आहे. नावाने मोठ्यांदा हाकही मारू नका. एरवी नावाला धावत येणारी कुत्रीसुद्धा घाबरलेली असताना हाकेपासून लांब पळते, आणि टेकडीच्या पलीकडे हायवे आहे. जमलं तर थोड्या अंतरावर खाली बसा, तिच्याकडे रोखून न बघता कुशीवर वळल्यासारखे बसा, आणि ती कुठे जाते तेवढं लक्षात ठेवा. बंद होणाऱ्या आवारात आपणहून शिरली असेल तर गेट लावून घ्या. एवढं पुष्कळ झालं, बाकी आम्ही करू.

दिवसा ती बहुधा लपून असेल. आपल्या इमारतीत मीटरच्या खोलीत, जनरेटरमागे, गच्चीच्या जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर आणि उभ्या गाड्यांखाली एकदा टॉर्च मारून बघा. बांधकामं चालू आहेत तिथल्या वॉचमनलाही विचारा. दिवाळीला गावी गेलेल्यांच्या बंद बंगल्यांची आवारं आम्हाला बाहेरूनच बघता येतात. कुणाकडे किल्ली असेल तर कळवा.

खारी चावरी नाही. रेबीजची लस जूनमध्ये दिलेली आहे, पुस्तिका आमच्याकडे आहे. तरीही कुणाला दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लसीचा खर्च आम्ही देऊ.

औषध (घाई आहे ती यासाठी)

तिला फिट येतात. दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ फेनोबार्बिटोनची गोळी चालू आहे. ही गोळी अशी एकदम बंद पडणं धोक्याचं असतं, आणि आतापर्यंत तिच्या तीन वेळा चुकल्या. तुमच्यासमोर तिला फिट आली तर आजूबाजूचे दगड, कुंड्या बाजूला करा, तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ लावा. एरवी मिनिट-दोन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांवर गेली किंवा लागोपाठ दुसरी आली तर आमची वाट न बघता जवळच्या पशुवैद्यकाकडे न्या. मात्र आपल्या मनाने कुठलीही गोळी देऊ नका, माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नको.

कळवायचं कुठे

१. पट्टा गळ्यात असेल तर बिल्ल्यावरच्या नंबरावर. थेट फोनसाठी आम्ही ठेवलेला रस्ता हाच.

२. आमच्या गेटवर. गांधी भवनाकडून डहाणूकर कॉलनीकडे येताना उताराला डाव्या हाताची, निळ्या गेटची पाच मजली सोसायटी. गेटवर खारीचा मोठा फोटो लावला आहे, चुकणार नाही. वॉचमनकाका रात्रंदिवस असतात. त्यांच्याकडे वही आहे: जागा, वेळ आणि वाटलं तर तुमचा नंबर लिहा. इंटरकॉमवर आम्हाला बोलावतील.

३. कोथरूड, कर्वेनगर आणि वारज्यातल्या सात पशुवैद्यकीय दवाखान्यांत आम्ही स्वतः जाऊन फोटो आणि नंबर दिला आहे. कुठल्याही दवाखान्यात खारीचं नाव सांगा. तिथे फोटो नसेल तर आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात सांगा. कोथरूड पोलीस ठाण्यात आमचा अर्ज आहे.

४. हे व्हॉट्सअॅपवर वाचत असाल तर ज्या ग्रुपवर आलं त्याच्या अॅडमिनना खाजगीत कळवा. ज्या ग्रुपांवर आम्ही स्वतः टाकलं त्या सगळ्या अॅडमिनकडे आमचा नंबर आहे. ग्रुपवर लोकेशन टाकू नका. काल एका लोकेशनवर अकरा जण टॉर्च घेऊन पोचले. तिथे खारी असती तरी थांबली नसती.

पैशांबद्दल

पहिल्या नोटिशीत नंबर दिल्यापासून २४ तासांत नऊ फोन आले. चार चांगल्या माणसांचे होते. पाच जणांचं काम वेगळं होतं. एकाने ‘गाडीने धडक दिली, ऑपरेशनला आत्ता ८,००० पाठवा’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. दवाखान्याचं नाव विचारल्यावर फोन ठेवला. दुसऱ्याने आमच्याच नोटिशीतला फोटो मागची भिंत बदलून आम्हाला पाठवला. तिसरा म्हणाला, ‘तुम्हीच मालक आहात का ते तपासतो, मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड सांगा.’ हे तिन्ही नंबर आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवले आहेत. दुसरा फोन लावत बसू नये म्हणून सांगतो, उत्तर पुढेही हेच मिळेल:

खारी समोर बघितल्याशिवाय एक रुपयाही दिला जाणार नाही. रिक्षाभाडं, खाणं, इंजेक्शन, काहीही असो. कुठलाही कोड सांगणार नाही, लिंक उघडणार नाही, पैसे ‘मिळवायला’ यूपीआय पिन टाकणार नाही. उपचार झाले असतील तर बिल आम्ही दवाखान्यात येऊन तिथेच भरू. आमच्या नावाने कुणी वर्गणी मागत असेल तर ती आमची नाही.

बक्षिसाचा आकडा मुद्दाम लिहिलेला नाही. आकडा दिसला की पोरं मागे धावतात आणि ती आणखी लांब जाते. जो तिला आणील त्याचे आभार आम्ही आमच्या रीतीने मानू, ते आमच्यावर सोडा.

फोनवर आम्ही न लिहिलेली खूण विचारू आणि एक नवा फोटो आम्ही सांगू त्या बाजूने काढायला सांगू. राग मानू नका. भेटायचं ते आमच्या गेटवर, दवाखान्यात किंवा पोलीस ठाण्यात. आम्ही दोघं येऊ.

आणि तुम्हीही आम्हाला तपासा. खारी तुमच्याकडे असेल आणि कुणी ‘माझीच आहे’ म्हणत आलं तर लगेच देऊ नका. ती खूण त्यांनाच आधी सांगायला लावा. आमच्याकडे लसीची पुस्तिका, महापालिकेचा परवाना आणि ती सहा किलोची असल्यापासूनचे फोटो आहेत, ते बघितल्याशिवाय आमच्याही हातात देऊ नका. घरी ठेवायला जागा नसेल तर तसं सांगा, अर्ध्या तासात येतो. चार दिवस सांभाळली असेल आणि लळा लागला असेल तरी सांगा. त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही.

शोध पहाटे पाच ते सात आणि रात्री दहानंतर चालू आहे, फटाके थांबले की. टेकडीवर आम्ही दोघं एका जागी चादर आणि आईची जुनी साडी ठेवून आलो आहोत. ती कुणी कचरा समजून उचलू नये.

गेटवरच्या प्रतीवर रोज रात्री नऊ वाजता नवी माहिती लिहितो. खारी सापडली की त्याच प्रतीवर लाल पेनाने तसं लिहू आणि भिंतींवरचे सगळे कागद आम्हीच काढू.

खारीच्या घरचे,
तिसरा मजला, निळं गेट