भाडेकराराच्या नूतनीकरणाबाबत घरमालकांना पत्र

सांगली, 6 जून 2025

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

गावभागातल्या आपल्या घराचा करार 31 जुलैला संपतोय. आम्हाला इथेच राहायचं आहे, म्हणून पुढच्या दोन वर्षांसाठी तो नव्याने करावा ही विनंती.

भाडं तीन वर्षं 8,500 रुपयेच राहिलं, तुम्ही मध्ये एकदाही वाढ मागितली नाहीत. ती आता व्हायला हवी, हे मलाही पटतं. 1 ऑगस्टपासून 9,000 आणि दुसऱ्या वर्षी 9,500 द्यायची माझी तयारी आहे. डिपॉझिट आहे तेच, 30,000 ठेवावं. त्याहून जास्त एकरकमी काढणं यंदा जमणार नाही. धाकटीचं दहावीचं वर्ष आहे.

तिच्यासाठीच एक अट घालावी असं वाटतं: मार्च 2026 संपेपर्यंत कुणीही करार मोडू नये. त्यानंतर एक महिन्याऐवजी दोन महिन्यांची नोटीस, दोन्ही बाजूंना सारखीच.

आता पुराचं. जुन्या करारात त्याबद्दल एक ओळही नाही. आम्ही 2022 मध्ये आलो, त्यामुळे 2019 आणि 2021 चे पूर आम्ही या घरात पाहिले नाहीत. पण शेजारचे भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर होतं ते दाखवतात, आणि दर पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पातळीकडे माझं लक्ष लागलेलं असतं. तिथे इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. पाणी 40 फुटांवर गेलं की आमचं सामान तुमच्या वरच्या बंद खोलीत हलवायची परवानगी करारात असावी. किल्ली माझ्याकडे दिलीत तर उत्तम. तुम्ही पुण्याहून येईपर्यंत रस्ते बंद व्हायचे. घरात पाणी शिरून राहणं अशक्य झालं, तर तेवढ्या दिवसांचं भाडं धरू नये. गाळ काढणं, धुणं आम्ही करू. वायरिंग आणि भिंतींची दुरुस्ती तुमच्याकडे असावी.

एरवीचे नळ, बटणं, किरकोळ कामं आम्ही करतोच, तीच पद्धत पुढे ठेवू. न्हाणीघराच्या छताची गळती मात्र पाऊस वाढायच्या आत बघावी लागेल. गवंडी मी आणतो, बिल तुम्हाला पाठवतो.

नोंदणी ऑनलाइन करू. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन पुण्यात तुमच्या घरी येईल, तुम्हाला हेलपाटा नको. नोंदणी फी 1,000 रुपये, मुद्रांक शुल्क या रकमांवर साधारण पावणेसहाशे. हे दोन्ही आणि एजंटचे पैसे मी भरतो.

यातलं काही पटलं नाही तर मोकळेपणाने सांगा, रविवारी सकाळी मी फोन करतो. तुमचा होकार आला की मसुदा करायला देतो, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सह्या होतील.

काकूंना नमस्कार.

आपला,
प्रशांत