चहा, हजेरी आणि हॉल तिकीट
(अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून, निरोप समारंभासाठी)

सर, मॅडम नि काका, नमस्कार घ्या आमचा,
जाता जाता ज्युनियरांना धडा पहिला चहाचा!

आधी पाण्यात उकळे आलं, साखर नि पत्ती,
दूध शेवटी घालावे, अशी काकांची ही युक्ती.
कच्चं आलं थेट कोणी टाकलं जर दुधात,
फाटलेला चहा मग बेसिनच्या नशिबात!
सकाळचं जे आधण, त्याची चवच निराळी,
तीच पत्ती उकळून दुपारी कडू नि काळी.
सुट्टी झाली, गर्दी आली, दूध तेव्हा पडे कमी,
पातळ चहाची मग नळ देतो पूर्ण हमी!
चौघांत कटिंग दोन, उधारी लिहा वहीत,
महिनाअखेर फेडा, ही इथली जुनी रीत.
ग्लास धरा काठापाशी, तळाशी भाजते बोट,
फुंकर घाला दोनदा, मग लावायचे ओठ.

आता हजेरी! हिशेब डोक्यात ठेवावा पक्का,
७५ टक्क्यांना लागू नये कधी धक्का.
४० तास असता ३० तरी बसायचे,
उरलेले १० तास जपूनच खर्चायचे.
पहिल्या २० तासांत १० जर उडवले,
पुढचे २०च्या २० बसले तरच तरले!
प्रॉक्सी नको! सर आता आवाज ओळखतात,
बोलणारा, झोपलेला, दोन्ही नावे खोडतात.
डॉक्टरांचा दाखलाही आठवड्यातच द्यावा,
डिफॉल्टर यादी लागता कुणी पाहीना पुरावा.

हॉल तिकीट, आयकार्ड, घड्याळ नि पेन दोन,
दाराबाहेर बॅगेत बंद करूनच फोन.
बैठक क्रमांक आधी अंकी नि अक्षरी लिहा,
रोल नंबर नव्हे तो! तिकिटात पुन्हा पाहा.
१०० गुणांना तास ३, दहांना १८ मिनिटे,
पहिल्यालाच ४० दिली, तर शेवटचा सुटे.
प्रश्न नवा नव्या पानी, क्रमांक त्याचा समासात,
चुकला जर तो क्रमांक, बरोबरही जाते पाण्यात.
पुरवणीचा क्रमांक मुख्य पानावर घ्यावा,
दोरा पंख्यालाही भारी पडेल असाच बांधावा!

जर्नलवर घ्या सह्या दर प्रयोगाच्या दिनी,
शेवटच्या दिवशी सर शोधावे कुठे नि कोणी?
विषय राहिला? फॉर्मची तारीख बघा फळ्यावर,
विलंब शुल्क लागते उशिरा आलात तर.

मॅडम, सर, रागावलात, पण पेपरच्या आदल्या रात्री
शंका फोनवर सोडवल्यात, एवढी कुठे मिळे मैत्री?
काका, उधारी फिटली, वहीचे पान फाडा ते,
गॅसवरच्या पातेल्याशी जुळले आमचे नाते.
ज्युनियरांनो, नोट्स, पेपर, वारसा ठेवलाय सारा,
युनिट चार गायब आहे, ते मॅडमनाच विचारा!