चोळणं

चिनूच्या बोटांच्या बेचक्यात पहिल्यांदा बारीक पुटकुळ्या दिसल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उष्णता आहे गं. खोबरेल लाव." लाव म्हणाल्या खरं, पण लावलं त्यांनीच. नातवाला तेल चोळायचं काम त्यांनी पहिल्या दिवसापासून कुणाला करू दिलं नव्हतं.

खोबरेलानंतर हळद आली, मग वाटलेला कडुनिंब. पोरगं कधी पिवळं, कधी हिरवं होऊन घरभर फिरायचं. उशीच्या अभ्र्यांवरचे डाग अजून गेलेले नाहीत. दिवसा जरा बरं असायचं. रात्री पांघरुणात शिरला की सुरू. खरखर, खरखर. पुटकुळ्या मनगटावर आल्या, मग बेंबीभोवती.

"आई, डॉक्टरांना दाखवू या का?"

"हे दोन दिवस बघू."

त्यांचे दोन दिवस तीन आठवडे चालले. त्यांचंही मनगट लाल दिसायचं. "साबण बाधला," म्हणायच्या. मीही ऐकून सोडून दिलं, हे कबूल करते.

मग लिंबू झालं. खाजवून फुटलेल्या कातडीवर लिंबू! चिनू असा किंचाळला की सासूबाईंच्या हातातली फोड खाली पडली. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून त्याच आधी दारात उभ्या.

डॉक्टरबाईंनी भिंग लावून बोटं पाहिली. "रात्री जास्त खाजतं ना? घरात अजून कुणाला?"

मी नाही म्हणाले. सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

"आजी, बघू तुमचा."

त्यांनी हात पुढे केला, परीक्षेच्या पेपरासारखा.

"खरूज आहे. दोघांना."

"आमच्याकडे? रोज दोनदा आंघोळ असते आमची!"

"आंघोळीनं जात नाही ती. डोळ्यांना दिसणार नाही एवढा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. अंगाला अंग लागलं की पसरतो." घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं, खाज असो वा नसो, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात. किडा मेला तरी खाज काही आठवडे राहते, तेव्हा घाबरून परत काही चोळू नका. हे शेवटचं बाई सासूबाईंकडे बघून म्हणाल्या.

रिक्षात त्या गप्प होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मीच दिली का गं त्याला?"

"कुणी कुणाला दिली, ते कसं कळणार?" मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

रात्री चिनूला लावून झालं, ह्यांनी कुरकुरत लावून घेतलं, मी लावलं. सासूबाईंचा हात पाठीला पोचेना. मी ट्यूब घ्यायला गेले तर चिनूनं आधीच बोटभर मलम काढलं होतं.

"हलू नको, आजी," तो दटावून म्हणाला. "मुरू दे नीट."